पिना जुळल्या, प्लस-मायनसचं काय?

मोबाइलच्या दुकानात जाऊन स्मार्ट घड्याळाची चार्जिंग केबल मागितली, की दुकानदार बहुतेक वेळा आधी कंपनीचं नाव विचारत नाही. 'दोन पिनची का चार पिनची?' असं विचारतो. मग घड्याळ उलटं करून मागचे सोनेरी ठिपके बघतो, काउंटरखालच्या खोक्यातून एक केबल काढतो आणि लावून पाहतो. टक्कन चिकटली आणि स्क्रीनवर बॅटरीचं चित्र आलं की सौदा पक्का. नाही आलं तर दुसरी केबल, मग तिसरी. पुण्याच्या बुधवार पेठेपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत हीच रीत आहे आणि बरेचदा ती निभावूनही जाते. ती निभावून जाते, हीच माझ्या मते यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

कारण चिकटणं वेगळं आणि जुळणं वेगळं. फोनच्या टाइप-सी केबलच्या बाबतीत हा फरक आपण विसरलो आहोत: तोंड आत गेलं म्हणजे आतल्या तारा आपापल्या जागी लागल्या, याची हमी त्या तोंडामागच्या प्रमाणाने घेतलेली असते. घड्याळाच्या चुंबकी केबलमागे असं कुठलंच प्रमाण नाही. तिथे दोन पिनांमधलं अंतर बाजाराच्या ओघात हळूहळू सारखं होत गेलं, पण कुठली पिन प्लस आणि कुठली मायनस हे कुणी कुणाशी ठरवलंच नाही. अर्धवट जुळणारी वस्तू मुळीच न जुळणाऱ्या वस्तूपेक्षा धोक्याची असते. 'वेगवेगळ्या ब्रँडच्या केबली एकमेकींना का चालत नाहीत?' ही नेहमीची तक्रार मला म्हणूनच अपुरी वाटते. त्या चालल्यासारख्या का वाटतात, हे आधी विचारायला हवं.

त्यासाठी केबलच्या डोक्यात काय असतं ते पाहावं लागेल. पोगो पिन ही तीन भागांची वस्तू आहे. एक बारीक पितळी नळी, तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या आणि त्याला बाहेर ढकलणारी स्प्रिंग. वर निकेलचा आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा. दट्ट्या दाबला की आत जातो, सोडला की बाहेर येतो. उड्या मारायच्या पोगो स्टिकवरून तिला हे नाव पडलं. स्प्रिंगवाल्या पिना केबलमध्ये असतात आणि घड्याळाच्या पाठीवर नुसते सपाट धातूचे ठिपके असतात. ही वाटणी उगाच केलेली नाही. हलणारा भाग घड्याळात ठेवला तर त्याच्या फटीतून घाम आणि पाणी आत जायला वाट मिळेल. सपाट ठिपका मात्र प्लास्टिकमध्ये घट्ट बसवून सील करता येतो. शिवाय स्प्रिंग मोडली तर स्वस्त केबल जाते, महाग घड्याळ वाचतं.

चुंबकाचं काम पिना ठिपक्यांवर दाबून धरण्याचं. प्रत्येक स्प्रिंग साधारण पन्नास ते शंभर ग्रॅमच्या जोराने केबलला मागे ढकलत असते, म्हणजे चुंबकाची ओढ सगळ्या पिनांच्या एकत्रित धक्क्यापेक्षा बरीच जास्त असावी लागते. केबलच्या डोक्याला आणि घड्याळाच्या पाठीला सहसा दोन-दोन चुंबकं असतात, पिनांच्या दोन बाजूंना एकेक. केबलच्या डोक्यात एका चुंबकाचा उत्तर ध्रुव बाहेर तोंड करून असतो आणि दुसऱ्याचा दक्षिण. घड्याळात याच्या नेमकं उलट. त्यामुळे केबल सरळ धरली तर खेचली जाते, उलटी धरली तर समोरासमोर सारखे ध्रुव येतात आणि ती दूर सरकते. म्हणजे चुंबक इथे दोन कामं करतं. धरून ठेवतं आणि दिशाही दाखवतं. टीव्हीच्या किंवा संगणकाच्या प्लगला जो तिरका कोपरा असतो, ज्यामुळे तो उलटा बसत नाही, त्याचं काम इथे चुंबकाचे ध्रुव करतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, एवढाच फरक.

आता विजेकडे. आणि इथे बहुतेकांचा समज चुकीचा असतो. केबल कंपनीची आहे म्हणजे तिच्यात कंपनीचं काही खास सर्किट असणार, असं वाटतं. दोन पिनांच्या बहुसंख्य केबलींत काहीच नसतं. एका टोकाला यूएसबीचा प्लग, दुसऱ्या टोकाला दोन पिना, मधे दोन तारा. अडॅप्टरमधून निघालेले ५ व्होल्ट जसेच्या तसे घड्याळाच्या ठिपक्यांवर पोचतात. बॅटरीला किती करंट द्यायचा, कधी थांबायचं, हे ठरवणारी चिप घड्याळाच्या पोटात असते. स्वस्त स्मार्ट घड्याळात साधारण दोनशे ते तीनशे एमएएचची लिथियम बॅटरी असते. चिप तिला सुरुवातीला ठरावीक करंटने भरते आणि व्होल्टेज ४.२ च्या आसपास पोचलं की करंट हळूहळू कमी करत नेते. हे गणित जवळपास सगळ्या कंपन्यांचं सारखंच आहे. पासष्ट वॉटच्या फोन चार्जरला घड्याळाची केबल लावली तर घड्याळ जळेल ही भीतीही म्हणूनच फोल आहे. चार्जरने ५ व्होल्टच्या वर जावं यासाठी उपकरणाने तशी मागणी करावी लागते, आणि दोन तारांच्या या केबलला मागणी करायला तोंडच नाही.

थोडक्यात, विजेच्या बाजूने प्रमाण आधीच ठरलेलं आहे. ते यूएसबीचं आहे. मतभेद उरतात ते शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये.

या मिलिमीटरांत पहिला मुद्दा पिनांमधल्या अंतराचा. ऑनलाइन दुकानांत दोन पिनांची केबल शोधा, '२.८४ मिमी' आणि '४ मिमी' असे दोन आकडे पुन्हा पुन्हा दिसतील. चार पिनांच्या केबलवर '७.६२ मिमी' लिहिलेलं असतं. हे आकडे कुठल्या समितीने ठरवलेले नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त घड्याळांचा मूळ आराखडा शेन्झेनच्या आसपासच्या कंत्राटी कारखान्यांतून येतो. तोच साचा, तोच पिनांचा पुरवठादार, वर वेगवेगळी नावं. साचा सारखा म्हणून अंतर सारखं. या अपघाताने आलेल्या सारखेपणावर सगळा बदली केबलींचा बाजार उभा आहे.

चार मिलिमीटरची केबल २.८४ च्या घड्याळाला लावली तर पिना ठिपक्यांच्या बाहेर पडतात आणि काही होत नाही. नुकसान नाही, फक्त निराशा. खरी गंमत, गंमत कसली, पंचाईत, अंतर तंतोतंत जुळल्यावर सुरू होते.

दोन घड्याळं घेऊ, 'क' आणि 'ख'. दोन्हींना दोन ठिपके, दोन्हींत अंतर २.८४ मिलिमीटर. 'क'च्या केबलमध्ये प्लसची पिन उत्तर ध्रुवाच्या बाजूला आहे. 'ख' बनवणाऱ्याने आपल्या केबलमध्ये प्लस दक्षिण ध्रुवाच्या बाजूला ठेवली. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघांनी आपापल्या घड्याळात त्याला अनुरूप मांडणी केली आहे. आता 'क'ची केबल 'ख'वर ठेवा. प्लसवर प्लस येईल अशी धरली तर चुंबक तिला दूर लोटेल. उलटी फिरवली की टक्कन बसेल, अगदी मूळ केबलसारखी, आणि प्लसची पिन थेट मायनसच्या ठिपक्यावर जाऊन दाबली जाईल. म्हणजे चूक टाळण्यासाठी ठेवलेलं चुंबकच आता बरोबर जोडणी होऊ देत नाही आणि चुकीच्या जोडणीत तुम्हाला हाताला धरून नेऊन बसवतं. ग्राहकाला मात्र त्या 'टक्' आवाजातून उलटाच संदेश मिळतो, की बसली म्हणजे आपलीच असणार.

पुढे काय होईल ते 'ख'च्या आत किती पैसे खर्च केले यावर अवलंबून. चांगल्या आराखड्यात ठिपक्यांच्या लगेच मागे एक छोटा मॉस्फेट असतो, तो उलटा प्रवाह अडवतो. स्क्रीन काळीच राहते आणि केबल बंद आहे असं समजून माणूस ती परत करतो. जिथे हा मॉस्फेट वाचवलेला असतो तिथे विजेच्या झटक्यापासून संरक्षण द्यायला बसवलेला डायोडच उलट्या जोडणीत सरळ वाहू लागतो. अडॅप्टरच्या दृष्टीने हा जवळपास शॉर्ट सर्किट. अडॅप्टर आपली करंटची मर्यादा गाठेपर्यंत वीज ओतत राहतो, आणि ती त्या तांदळाएवढ्या भागातून आणि केसाएवढ्या रेषांमधून जाते. चिन्ह एकच आणि स्पष्ट: बॅटरीचं चित्र नाही, पण घड्याळाची पाठ किंवा केबलचं डोकं काही सेकंदांत कोमट, मग गरम. असं झालं की केबल ओढून काढायची. 'थोडा वेळ राहू द्या, पूर्ण डिस्चार्ज असेल' हा दुकानातला सल्ला या एका प्रसंगी ऐकू नये.

केबलची बाजू तपासणं सोपं आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, केबल अडॅप्टरला लावायची, लाल टोक एका पिनेला आणि काळं दुसरीला. पाच आला तर लालखालची पिन प्लस, उणे पाच आला तर उलट. दोन पिनांमध्ये तीन मिलिमीटरही जागा नसते आणि मीटरचं टोक लोखंडी असेल तर चुंबक ते आपल्याकडे ओढतं, एवढं सांभाळायचं. मूळ केबल आणि नवी केबल दोन्ही हाताशी असतील तर आधी दोघींची डोकी एकमेकींना भिडवून बघावी, पण अडॅप्टरपासून सोडवून. सारखी चुंबकरचना असलेल्या दोन केबली, दोघींची वायर एकाच दिशेला ठेवून समोरासमोर आणल्या तर कशा वागतात ते एकदा पाहून ठेवलं, की परकी केबल हातात आल्यावर ओळखता येते.

अडचण घड्याळाच्या बाजूची आहे. मूळ केबल हरवली असेल, आणि ती हरवलेली असते म्हणूनच तर माणूस दुकानात आलेला असतो, तर घड्याळाचा कुठला ठिपका प्लस हे सांगणारं पाठीवर काहीही नसतं. दुरुस्तीवाले मीटर डायोडच्या खुणेवर ठेवतात आणि टोकं अदलाबदल करून बघतात. लाल टोक मायनसच्या ठिपक्यावर असताना बहुतेक वेळा अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा येतो, दुसऱ्या बाजूने येत नाही. युक्ती चांगली आहे, पण ती ग्राहकाला माहीत असावी अशी अपेक्षा कुणी करू नये. पाठीवर पाणी किती मीटरपर्यंत चालेल, मॉडेल नंबर काय, कुठे बनलं, एवढं सगळं छापायला जागा असते. एक अधिकचं चिन्ह छापायला नसते, यावर माझा विश्वास नाही.

आता दुकानदाराच्या 'लावून बघू' या परीक्षेची दुसरी उणीव. ती चुकीची केबल आणि मळकी केबल यांत फरक करू शकत नाही. घड्याळ घामाच्या मनगटावरून काढून तसंच चार्जिंगला लावलं की दोन ठिपक्यांच्या मधे खारट ओल राहते आणि तिच्यावर ५ व्होल्ट पडतात. शाळेच्या प्रयोगशाळेतलं विद्युत अपघटनच हे. प्लसच्या बाजूचा धातू झिजत जातो. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ओल खालच्या निकेल-पितळापर्यंत पोचते. म्हणून जुन्या केबलीत एक पिन अजून पिवळी चकचकीत आणि दुसरी काळपट किंवा हिरवट दिसली, तर काळवंडलेली बहुधा प्लस असते.

या थराने काय होतं ते आकड्यांत बघू. घड्याळ २०० मिलिअँपिअरने चार्ज होतंय असं धरू. स्वच्छ पिनेचा अडथळा ओहमच्या शंभराव्या हिश्शाच्या पटीतला, तिथे वाया जाणारं व्होल्टेज लक्षातही येत नाही. थर बसून अडथळा ५ ओहम झाला की त्या एका पिनेवरच १ व्होल्ट खर्च होतो आणि चिपपर्यंत चारच पोचतात. बॅटरी ४.२ पर्यंत न्यायची आहे आणि हातात आहेत ४. चार्जिंग रांगायला लागतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे, व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की चिप चार्जिंग बंद करते. करंट थांबला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, चिप पुन्हा चालू होते. घड्याळ रात्रभर टेबलावर दर थोड्या वेळाने थरथरत राहतं आणि सकाळी बॅटरी होती तिथेच. हे लक्षण दिसलं तर नवी केबल घेण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पिना आणि ठिपके पुसावेत, पिना बोटाने दाबून दोन्ही सारख्या उसळतात का ते पाहावं. एक आतच अडकून बसली असेल तर मात्र केबल संपली.

टाइप-सी टोकाच्या केबलींत आणखी एक भानगड निघाली आहे. टाइप-सी चार्जर समोर कुणी आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती खात्री पटते प्लगमधल्या ५.१ किलोओहमच्या एका रेझिस्टरमुळे. काही बदली केबलींत तो रेझिस्टरच नसतो. अशी केबल टाइप-सी चार्जरवर मेलेली आणि जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरवर कनेक्टर लावून जिवंत, असा चमत्कार दिसतो. दोष घड्याळाचा नसतो, त्या एका रेझिस्टरचा असतो.

एवढं सगळं पाहिल्यावर कंपन्यांची बाजू ऐकू. ती अगदीच पोकळ नाही. घड्याळाच्या पाठीवर जागेची मारामारी असते. मधोमध हृदयाचे ठोके मोजणारे दिवे आणि काच, कडेने अँटेना, कुठे मायक्रोफोनचं भोक. पाठ वक्र असते आणि ती मनगटाला टोचता कामा नये. चार पिनांच्या घड्याळांत उरलेल्या दोन पिना कधी माहिती नेण्यासाठी, कधी कारखान्यात सॉफ्टवेअर भरण्यासाठी, तर कधी नुसत्या केबल कशीही फिरवली तरी चालावी म्हणून असतात. सगळ्यांना एकच केबल लादली तर यातलं काहीतरी मोडेल, हे खरं.

पण ही सबब किती ताणायची? गूगलच्या पिक्सेल वॉचचं उदाहरण बोलकं आहे. २०२२ चं पहिलं घड्याळ पिनांशिवाय, नुसतं चुंबकी चकतीवर ठेवून चार्ज व्हायचं. २०२३ च्या दुसऱ्या घड्याळाला पाठीवर चार ठिपके आले, वेगळी केबल आली, पहिली निकामी. २०२४ च्या तिसऱ्याने तीच केबल ठेवली. २०२५ च्या चौथ्यात ठिपके घड्याळाच्या कडेला गेले आणि त्याला उभ्या स्टँडचा नवा चार्जर लागला. चार पिढ्या, तीन चार्जर, कंपनी एकच. प्रत्येक बदलामागे तांत्रिक कारण होतं, वेगवान चार्जिंग हे त्यातलं एक, आणि मी ते नाकारत नाही. मात्र ज्या घरात दुसरं आणि चौथं घड्याळ आहे त्या घरात दोन चार्जर सांभाळावे लागतात, आणि या किमतीचा हिशोब आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर कधी मांडला जात नाही. दुसरीकडे शाओमीने २०२० मध्ये एमआय बँड ५ ला चुंबकी केबल दिली आणि ६ व ७ ला तीच चालू ठेवली. म्हणजे ठरवलं तर जमतं. ठरवण्याची सक्ती मात्र कुणावर नाही.

इअरबड्सची गोष्ट इथे उपयोगी पडते, कारण तिथे हाच वाद अर्धा सुटला आहे. बड आणि डबी यांच्यामध्येही पोगो पिनाच असतात, चुंबकं असतात, आणि एका कंपनीचा बड दुसरीच्या डबीत चार्ज होत नाही. बडचा आकार, ठिपक्यांची जागा आणि त्याच पिनांवरून डबी-बडमध्ये होणारा संवाद, तिन्ही खासगी. तरीही याबद्दल फारशी ओरड ऐकू येत नाही, कारण डबीला बाहेरून टाइप-सी आहे. युरोपात २०२१ मध्ये समान चार्जरचा प्रस्ताव आला तेव्हा इअरबड्स, स्मार्ट घड्याळं आणि फिटनेस बँड हे आकाराने आणि वापराने बसत नाहीत म्हणून बाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये कायदा पक्का झाला तेव्हा इअरबड्स आत आले, कारण लहानपण बडचं आहे, डबीचं नाही. २८ डिसेंबर २०२४ पासून तो लागू आहे. घड्याळ अजून बाहेरच आहे.

याच तर्काने पाहिलं तर घड्याळाची केबल हीच त्याची डबी आहे. मग तिचे दोन तुकडे करणं सहज शक्य आहे: पिना आणि चुंबक असलेली छोटी चकती, तिला टाइप-सीचं भोक, आणि पुढे घरातली कुठलीही केबल. काही कंपन्या हे करतातही. निदान तुटणारा भाग, म्हणजे वायर, सगळ्यांची सारखी होते. पण चकती हरवली की प्रश्न तिथेच उभा राहतो, म्हणून मला हा उपाय पुरेसा वाटत नाही.

आपल्याकडे याचा आधीचा अनुभव आहे. 'नोकियाची बारीक पिन' हे शब्द एके काळी एसटी स्टँडवरच्या चहावाल्यालाही माहीत होते. नोकियाने ३.५ मिलिमीटरची जाड पिन सोडून २ मिलिमीटरची बारीक आणली तेव्हा घरोघर काही वर्षं दोन्ही चार्जर होते. तरी ते चाललं, कारण एकच कंपनी इतकी मोठी होती की तिचा निर्णय हाच देशाचा नियम झाला. घड्याळांच्या बाजारात असा कुणी दादा नाही. इथे डझनभर नावं आहेत आणि दोन वर्षांत मॉडेल दुकानातून नाहीसं होतं. बाजार आपोआप एक करील, ही आशा इथे लागू पडत नाही. बाजाराने जे एक करायचं होतं ते, म्हणजे अंतर, करून झालंय. प्लस-मायनस तो एक करणार नाही, कारण उलटी केबल विकली गेल्याचं नुकसान ती विकणाऱ्याला होत नाही.

भारत सरकारने या विषयाला हात घातलेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीवर एकमत झालं, आणि अंगावर घालायच्या उपकरणांना समान चार्जिंग पोर्ट देता येईल का हे तपासायला वेगळा उपगट नेमायचं ठरलं. फोनचं काम सोपं होतं, कारण तयार प्रमाण हाताशी होतं. घड्याळासाठी ते नाही. घड्याळाला टाइप-सीचं भोक पाडा म्हणणं हा वेडेपणा होईल, आणि सगळ्यांनी एकच केबल वापरा म्हटलं तर कंपन्यांची वर सांगितलेली रास्त हरकत पुढे येईल. म्हणून काम अडून राहतं.

ते अडायचं कारण नाही. मागणी फार लहान ठेवता येते. दोन ठिपक्यांच्या घड्याळांपुरता एकच नियम: केबलच्या डोक्यात प्लसची पिन अमुक ध्रुवाच्या बाजूला. उत्तर म्हणा, दक्षिण म्हणा, नाणं उडवून ठरवा. एवढा नियम झाला की परकी केबल एकतर बरोबर बसेल, नाहीतर बसणारच नाही. उलटी बसण्याची शक्यता संपते. यात घड्याळाचा आकार बदलत नाही, पाणीरोधकपणा जात नाही, सेन्सर हलत नाही, खर्च शून्य. कारखान्यात चुंबक बसवताना ते कुठल्या तोंडाने बसवायचं, एवढाच बदल. ज्यांना यापुढे जायचं असेल त्यांनी तीन ठिपके द्यावेत, मधला मायनस आणि दोन्ही कडेचे प्लस. मग केबल कशीही फिरवली तरी जोडणी तीच राहते. आतमध्ये चार डायोडचा पूल बसवूनही उलटसुलट चालवता येतं, पण साध्या डायोडमध्ये व्होल्ट-दीड व्होल्ट वाया जातो, आणि पाचातून तेवढे गेले की ४.२ ची बॅटरी भरायची मारामार होते. तिसरा ठिपका त्यापेक्षा स्वस्त आणि शहाणा.

आणि नियम होईपर्यंत? भारतात स्मार्ट घड्याळ विकायचं तर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आधीच सक्तीची आहे, तो नोंदणी क्रमांक छापावाच लागतो. त्याच्या शेजारी दोन गोष्टी छापायला सांगा: ठिपक्यांमधलं अंतर आणि प्लस कुठला. केबलच्या डोक्यावरही तेच. मग दुकानदार 'दोन पिनची का चार पिनची?' विचारून थांबणार नाही, घड्याळ उलटं करून वाचेल.

तोपर्यंत घड्याळ घेतलं की त्याच आठवड्यात मूळ केबलच्या डोक्याजवळ पांढऱ्या मार्करने घड्याळाचं नाव लिहा, आणि मल्टिमीटर असेल तर प्लसची खूणही करा. बदली केबल घेताना विक्रेत्याला मिलिमीटरचा आकडा विचारा आणि त्यानंतर प्लस कुठल्या बाजूला तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर ती केबल घेऊ नका.